स्मरणपत्र क्रमांक सात

मानवजातीने आजवर जे काही मिळवलं, ते नम्रपणे लिहिलेल्या पत्राने मिळवलं. राज्यं तलवारीने आली असतील, पण टिकली अर्जाने. जगातलं कुठलंही दार 'सविनय सादर' या दोन शब्दांपुढे फार काळ बंद राहू शकत नाही.

हे विचार रोहिदास भोये यांचे असून ते त्यांनी खोडाळ्याच्या बाजारात, बाबल्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला असताना मांडले. ऐकायला बाबल्या होता आणि त्याचं डोकं प्रिंटरच्या पोटात होतं.

रोहिदास भोये मोखाड्याच्या पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही पत्र उत्तराशिवाय ठेवलं नाही, आणि ज्याला उत्तर मिळालं नाही असं स्वतःचं एकही पत्र स्मरणपत्राशिवाय सोडलं नाही. निवृत्तीनंतर कोणी पत्रच पाठवेना. पहिले चार महिने ते बँकेच्या जाहिरातींना उत्तरं लिहीत होते. अशात चंद्रकलाचं काम आलं.

चंद्रकला खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर राहते. भातलावणीला दुसऱ्याच्या शेतात जाते, एरवी हाताला मिळेल ती मजुरी करते, आणि बाजाराच्या दिवशी टोपलीत रानभाज्या घेऊन बसते. कोणती भाजी कुठल्या उतारावर, कोणत्या पंधरवड्यात, आणि तिच्यासारखीच दिसणारी कुठली खाल्ली की माणूस आडवा होतो, हे तिच्याइतकं परिसरात कोणाला माहीत नाही. तिची भाची वर्षाली बारावी होऊन घरी बसली होती. तिने मावशीला फोनसमोर बसवलं आणि व्हिडिओच्या एका अॅपवर 'चंद्रकलाची रानभाजी' नावाचा चॅनल काढला. मावशी बोलते तसंच बोलते, मध्येच कोंबडीला हाकलते, पुन्हा बोलते. दोन वर्षांत सहा हजार माणसं जमली. मावशीला वाटलं ही सगळी एका दिवशी बाजारात येणार, म्हणून तिने एकदा टोपली मोठी आणली होती.

सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ कडूकंदाचा. अकरा मिनिटांचा आहे. त्यातली नऊ मिनिटं मावशी एकच गोष्ट सांगते, की हा कंद तसाच खायचा नाही. पातळ चकत्या करायच्या, उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, सकाळी चाखून बघायच्या, कडू लागल्या तर पुन्हा उकडायच्या आणि पुन्हा पाण्यात. हे ती चार वेळा सांगते, कारण तिच्या अनुभवाने माणूस तिसऱ्यांदा ऐकतो.

श्रावणात अॅपवर दुसराच एक चॅनल निघाला. नाव 'चंद्रकलाची रानभाजी ओरिजिनल'. काढणारा कोण, कुठला, आजतागायत कळलेलं नाही. त्याने मावशीचे सगळे व्हिडिओ उचलले, चाळीस चाळीस सेकंदांचे केले आणि मागे ढोल लावला. कडूकंदाच्या व्हिडिओत कंद खणताना दिसतो, चकत्या दिसतात, पातेलं दिसतं आणि मावशी खाताना दिसते. ओहोळ नाही. रात्र नाही. सुरुवातीला वर्षाली आपला फोन नंबर सांगते ती पाच सेकंदं मात्र त्याने तशीच ठेवली, बहुधा आवाज गोड म्हणून. या चॅनलला एक्केचाळीस हजार माणसं होती.

गणपतीच्या सुमारास वर्षालीला कल्याणहून एका बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्याने व्हिडिओ पाहून कंद आणला, उकडला, खाल्ला, आणि दोन दिवस सलाइनवर काढले. बाई फार ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली की तुमच्या मावशीचा चेहरा चांगल्या माणसासारखा दिसतो म्हणून आम्ही विश्वास ठेवला. वर्षालीने फोन स्पीकरवर ठेवला होता. मावशीने ऐकलं, आणि त्या दिवशी टोपली भरली नाही.

"मना पैसं नको, नाव नको," ती रोहिदासांना म्हणाली. "पण माझ्या तोंडाकडं बघून कोणी मेला, तर त्याचा पाप कोणाला, भाऊसाहेब?"

रोहिदासांनी विचारलं की अर्ज केला का.

वर्षालीने नकली चॅनलबद्दल अॅपवर तक्रार केलीच होती. तिकडून उत्तर आलं होतं की दोन्ही चॅनलवर एकच व्यक्ती दिसते, त्यामुळे आधी मूळ चॅनलच्या मालकाची ओळख पडताळली जाईल आणि मग तक्रारीचा विचार होईल. तिने पडताळणीचा अर्ज भरला, मावशीच्या आधार कार्डाचा फोटो जोडला. पडताळणी झाली की नावापुढे बरोबरची निळी खूण येते. अॅपवर लिहून आलं, 'तपासणी सुरू आहे. साधारण दहा कामकाजाचे दिवस.' दहा दिवस गेले, पंधरा गेले, अक्षर बदललं नाही. अर्जात ईमेलचा पत्ता रोहिदासांचा दिला होता, कारण वर्षालीच्या ईमेलचा पासवर्ड तिच्या जुन्या फोनबरोबर वैतरणेत गेला होता. अशा रीतीने सगळा पत्रव्यवहार कायदेशीरपणे रोहिदासांच्या ताब्यात आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी कार्यालयीन वेळ दिसू लागली.

त्यांनी पहिलं पत्र लिहिलं. ते त्यांच्या फायलीत आहे, म्हणून जसंच्या तसं देता येतं.

'प्रति, मा. सपोर्ट टीम. विषय: चॅनल पडताळणीस होत असलेल्या विलंबाबाबत. महोदय/महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, श्रीमती चंद्रकला यांच्या चॅनलच्या पडताळणीचा अर्ज आपणाकडे प्रलंबित आहे. आपण कामाच्या व्यापात असाल याची जाणीव आहे. तथापि सदर विलंबामुळे नागरिकांच्या पोटास धोका संभवतो. तरी विनंती की अर्जाची सद्यःस्थिती कळविण्याची कृपा व्हावी. आपला विश्वासू. प्रत: माहितीसाठी श्रीमती चंद्रकला, खोडाळा.'

वर्षाली म्हणाली की काका, तिकडे एवढं कोणी वाचत नाही. रोहिदास म्हणाले की वाचणारा वाचत नाही म्हणून लिहिणाऱ्याने सोडायचं नसतं, नाहीतर पंचायत समिती चाललीच नसती.

पत्र पाठवल्यावर दहा सेकंदांत उत्तर आलं. 'आपला संदेश मिळाला. आपल्या संयमाबद्दल आभार. आमची टीम लवकरच पाहील.' खाली प्रकरणाचा क्रमांक. रोहिदास भारावून गेले. त्यांच्या कार्यालयात पोच हवी असली तर शिपाई जेवून यायची वाट पाहावी लागे. इथे दहा सेकंद. त्यांनी बाबल्याकडून त्या उत्तराची प्रिंट काढली, भोक पाडलं, फायलीला लावली, आणि कागद हातात आल्यावरच पत्र आलं असं मानलं. फोनवर दिसतं ती वार्ता, कागदावर येतं ते पत्र, हा त्यांचा नियम होता.

पुढच्या सोमवारी त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. विषय नवा, जावक क्रमांक नवा, मजकुरात मागच्या पत्राचा संदर्भ. सरकारी रीत तशीच आहे. पत्राला आठ दिवसांत उत्तर नाही तर स्मरणपत्र, त्यालाही नाही तर दुसरं, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लाल शाईत 'तात्काळ'. लाल शाई ईमेलमध्येही मिळते हे वर्षालीने त्यांना दाखवलं आणि नंतर तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

सहा सोमवार गेले. सहाही वेळा दहा सेकंदांत आभार आले. अॅपवर 'तपासणी सुरू आहे' तसंच होतं. अधल्यामधल्या दिवसांत वर्षालीने मावशीला फोनसमोर बसवून स्पष्ट सांगायला लावलं की तो दुसरा चॅनल खोटा आहे, त्याचं ऐकू नका, खरी मी इथं आहे. व्हिडिओ टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी नकली चॅनलने तोही उचलला. आता एक्केचाळीस हजार माणसांना मावशी हात जोडून सांगत होती की दुसरा चॅनल खोटा आहे. मूळ चॅनलवर लोक येऊन शिव्या देऊ लागले. एकाने लिहिलं, 'गरीब बाईची नक्कल करताना लाज वाटत नाही का?' वर्षालीने त्याला उत्तर दिलं की मीच त्या गरीब बाईची भाची आहे. त्यावर त्याने हसण्याची चिन्हं पाठवली.

बाजारातही बातमी आपल्या पायांनी फिरली. मावशीच्या शेजारी हौशी बसते, तिच्याकडे कोरळ, टाकळा अशा पालेभाज्या असतात. गिऱ्हाईक मावशीच्या टोपलीशी थांबून, काहीतरी आठवल्यासारखं करून हौशीकडे सरकायचं. हौशीला वाईट वाटायचं, पण भाजी ती विकायचीच. मावशीने मजुरीचे दिवस वाढवले. कडूकंद तिने त्या साली अजून खणलाच नव्हता.

आणि आता सातवा सोमवार होता. रोहिदासांनी सकाळी स्मरणपत्र क्रमांक सात तयार केलं होतं, साडेतीन पानी, आणि ते पाठवण्याआधी मागच्या उत्तराची प्रिंट हवी म्हणून दुकानात उभे होते. सुरुवातीला आलेले थोर विचार याच वेळचे.

बाबल्याने प्रिंटरमधून एक चुरगळलेला कागद ओढून काढला. तो जवळजवळ कोराच होता, वर दोन ओळी.

"हा तुमचाच," तो म्हणाला. "दुसरं पान. मी एरवी पहिलंच काढतो. दोन ओळींसाठी पान कशाला वाया घालवा."

रोहिदासांनी चष्मा पुसला आणि त्या दोन ओळी वाचल्या. मग दुकानाच्या बाकावर बसले. वर्षाली शेजारीच होती. तिने कागद घेऊन मोठ्याने वाचला.

'कृपया याच विषयावर नवा संदेश पाठवू नये. नव्या संदेशासह आपली विनंती रांगेत पुन्हा शेवटी नोंदली जाते.'

बाबल्याने हातातला कागद झटकला आणि काहीतरी काम शोधून आत गेला.

मग वर्षालीने बोटांवर हिशोब केला. दहा दिवस तिकडे मोजतात. रोहिदास आठव्या दिवशी नव्या विषयाचं पत्र पाठवतात. म्हणजे दर वेळी मावशीचा नंबर दाराशी पोचत आला की रोहिदास तिला खांद्याला धरून नम्रपणे मागे नेऊन उभं करतात, आणि आभार घेऊन येतात. दीड महिना.

"काका," ती शेवटी म्हणाली, "नकली चॅनलवाल्यानं सुद्धा आपलं एवढं नुकसान केलं नाही."

रोहिदासांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांना आठवत होतं की त्यांच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावरही खाली बारीक अक्षरांत अशीच एक ओळ होती, अर्ज अपूर्ण असल्यास विचारात घेतला जाणार नाही. तो फलक त्यांनीच लिहवून घेतला होता, आणि ओळ मुद्दाम खाली घ्यायला सांगितली होती, म्हणजे वरचं 'नागरिकांचे स्वागत आहे' मोठं बसेल.

ते सांगायला दोघं मावशीच्या टोपलीपाशी गेली. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गप बसायचा?"

गप्प बसायचं, वर्षाली म्हणाली. दहा दिवस. रोहिदासांकडे बघत म्हणाली.

"तेवढाच ना," मावशी म्हणाली. "कंदाला पण पाण्यात ठेवला की हात लावायचा नाय. भाऊसाहेब, तुम्ही सारखं ढवळत होता."

तर मौन सुरू झालं. रोहिदासांसाठी ते सोपं नव्हतं. स्मरणपत्र क्रमांक सात घडी करून त्यांनी खिशात ठेवलं होतं आणि ते दिवसातून दोनदा बाहेर काढून वाचत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्षालीला विचारलं की नुसतं 'आम्ही आता लिहिणार नाही' एवढं कळवलं तर चालेल का, म्हणजे त्यांनाही काळजी राहणार नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ग्रामपंचायतीला गटाराबद्दल चार पानी पत्र लिहिलं, तेव्हा थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, चार वाजायला आले तेव्हा त्यांच्या फोनवर नवा ईमेल आला. त्यांनी तो पाहिला. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'आपल्या विनंतीबाबत अधिक माहिती हवी आहे.' पण नियम तो नियम, फोनवर दिसते ती वार्ता. शिवाय मागच्या अनुभवानंतर दोन्ही पानं हातात आल्याखेरीज एका अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते लगेच बाबल्याकडे गेले. खोडाळ्यात दुपारपासून वीज नव्हती. शनिवारी वीज आली तर बाबल्या मोखाड्याला लग्नाला गेला होता. रविवारी दुकान बंद असतं.

रोहिदासांनी ही बाब कोणाला सांगितली नाही. अजून पत्र आलेलंच नव्हतं.

सोमवारी अकराला बाबल्याने शटर वर केलं, तेव्हा रोहिदास पायरीवर बसलेले होते. त्यांनी दोन्ही पानं मागितली. पहिल्या पानावर कोण्या खऱ्या माणसाने लिहिलेलं दिसत होतं, कारण त्यात आभार नव्हते. कागदपत्रं जुळली आहेत असं त्याने लिहिलं होतं. चॅनल मूळ असल्याची खात्री करण्यासाठी एका जुन्या व्हिडिओची न कापलेली मूळ फाइल खालील लिंकवर टाकावी, आणि टाकल्याचं याच मेलला उत्तर देऊन कळवावं. दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या.

'बहात्तर तासांत उत्तर न आल्यास प्रकरण आपोआप बंद होईल. पुन्हा अर्ज करावा लागेल.'

शुक्रवारचे चार ते सोमवारचे चार. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

रोहिदास धावले. साठीनंतर माणूस धावतो तेव्हा बघणारे आधी रस्ता देतात आणि मग कारण विचारतात. वर्षाली मावशीबरोबर भातकापणीला गेली होती. पाड्यावरून रान, रानातून खाचर. पोचेपर्यंत बारा वाजले. त्यांनी दोन्ही पानं तिच्या हातात दिली. तिने तारीख वाचली, वेळ वाचली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी आला हा?"

हो.

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

प्रिंट नव्हती, रोहिदास म्हणाले. बोलताना त्यांनाच ते ऐकू आलं असावं.

वर्षालीने विळा मावशीच्या हातात दिला. मूळ व्हिडिओ तिच्या फोनच्या मेमरी कार्डात होता. पण तो अकरा मिनिटांचा, आणि खोडाळ्याच्या टॉवरवर फोटो पाठवायला चहा पिऊन यावं लागतं. जव्हारला जायला हवं होतं. मावशी म्हणाली मी पण येते. मुकादमाला तिने सांगितलं की तोंड माझं आहे, जाते.

जीप भरल्याशिवाय सुटत नाही. तेरा माणसं झाली होती, चालकाला सोळा हवी होती. ही तिघं आली म्हणून सुटली, हे त्या दिवसातलं एकमेव सुख. मोखाड्यात मध्येच एक जण उतरला आणि त्याची कोंबडी उतरेना. जव्हारला पोचायला सव्वादोन वाजले. वर्षालीने बसस्टँडमागच्या चहाच्या दुकानात, टॉवर सर्वांत चांगला पकडतो असं सांगतात त्या बाकावर, लिंक उघडली आणि फाइल निवडली. पडद्यावर एक पट्टी आली आणि ती सावकाश निळी होऊ लागली.

तिघं त्या पट्टीकडे बघत बसली. वीस टक्के. मावशीने विचारलं की हे भरलं की काय होतं. वर्षाली म्हणाली की मग आपण खरे. मावशीने मान हलवली. चाळीस टक्क्यांवर पट्टी थांबली, आणि रोहिदास उठून उभे राहिले, जणू साहेब आला. पंचेचाळीस. चहावाल्याने तीनदा विचारलं की आणखी चहा हवा का, आणि तीनही वेळा हवा होता.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी पट्टी भरली. आता फक्त उत्तर लिहायचं होतं. ईमेल रोहिदासांच्या फोनवर होता, म्हणून फोन त्यांनी हातात घेतला. त्यांनी लिहिलं, 'प्रति, मा. सपोर्ट टीम. विषय:'

"काका," वर्षाली म्हणाली. "विषय बदलू नका. याच मेलला उत्तर द्या. एक ओळ."

त्यांनी खोडलं. मग लिहिलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय'. मग ते थांबले. तीन चव्वेचाळीस. मावशी त्यांच्या खांद्याशी वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही, पण अंगठा थांबलेला कळतो.

"भाऊसाहेब, त्यांना सांगा की रातभराचं पाणी त्यात हाय," ती म्हणाली. "तेच ओळखायची खूण. दुसऱ्यात नाय."

रोहिदासांनी 'सविनय'पर्यंत सगळं पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःचं आडनाव खोडणाऱ्या माणसाचा भाव होता. मग त्यांनी लिहिलं, 'मूळ व्हिडिओ लिंकवर टाकला आहे. यात कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवलेला दिसतो. नकली व्हिडिओत तो भाग कापलेला आहे.' आणि तीन सत्तेचाळीसला पाठवलं. खाली 'आपला विश्वासू' नव्हतं. दहा सेकंदांत आभार आले. या खेपेला कोणी भारावलं नाही.

परतीच्या जीपमध्ये वर्षाली रोहिदासांशी बोलली नाही. मोखाड्यापर्यंत नाही, आणि मोखाड्यापासून खोडाळ्यापर्यंतही नाही. तिला राग यायला कारण होतं आणि तो राग कसा मांडायचा याचा नमुना उपलब्ध नव्हता. मावशी दोघांच्या मध्ये बसली होती आणि वळणावर दोघांनाही धरत होती.

गुरुवारी सकाळी वर्षालीने चॅनल उघडला, तर 'चंद्रकलाची रानभाजी' या नावापुढे बरोबरची निळी खूण होती. तिने नकली चॅनल शोधला. त्या जागी राखाडी चौकोन आणि 'हा चॅनल उपलब्ध नाही'. ढोल गेला, चाळीस सेकंदं गेली, एक्केचाळीस हजार माणसं कुठे गेली ते कळलं नाही. त्यातली दीडशे दुपारपर्यंत इकडे आली आणि एकाने लिहिलं, 'अखेर खरी बाई सापडली.'

वर्षालीने कल्याणच्या त्या बाईला फोन लावला. नवरा बरा आहे, बाई म्हणाली. त्याने कंदांचा विषय सोडला आहे, आता तो फक्त बटाटा खातो.

मावशीने खूण बोटाने दाबून पाहिली. काही झालं नाही. मग ती टोपली घेऊन रानात गेली, आणि त्या साली पहिल्यांदा कंद खणला.

बाजाराच्या दिवशी ती बसली होती तिथे रोहिदास आले. नेहमीपेक्षा कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि काखेत फाइल. फाइलीत शेवटचा ईमेल होता, दोन्ही पानं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की पडताळणी पूर्ण झाली आहे, नक्कल करणारा चॅनल काढून टाकला आहे, आणि झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत. दिलगीर या शब्दाखाली रोहिदासांनी पेन्सिलने रेघ ओढली होती. छत्तीस वर्षांत त्यांना कोणी हा शब्द लिहून दिला नव्हता.

दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. 'हे प्रकरण सोडवले म्हणून बंद करत आहोत. या मेलला उत्तर दिल्यास प्रकरण पुन्हा उघडेल.'

वर्षाली टोपलीपाशी मावशीला मदत करत होती. जीपनंतर ती अजून मोजकंच बोलत होती. रोहिदास थोडा वेळ उभे राहिले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी न विचारता सांगितलं की कंद रात्रभर पाण्यात ठेवावा, ते घाबरून हौशीकडे गेलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, पुन्हा आत ठेवला, आणि वर्षालीकडे न बघता, कंदाच्या ढिगाकडे बघत म्हणाले,

"तेवढी पोच देऊ का? नुसतं 'मिळाले'. एकच शब्द."